सोडियमच्या जोरावर ग्लुकोज आत जातं, मग एटीपी नेमका कुठे जळतो?

भंवरकुआं_जीवशास्त्र
नमस्कार मंडळी. मी इंदूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. काल वर्गात एका मुलीने प्रश्न विचारला आणि माझ्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

आतड्याच्या पेशीत ग्लुकोज नेणारं प्रथिन एसजीएलटी-१ स्वतः एटीपी वापरत नाही, तरी त्या वहनाला आपण 'सक्रिय' म्हणतो. मुलीचं म्हणणं असं: "मॅडम, ते एटीपी वापरत नाही, तर पेशीचा एटीपी संपल्यावरही ग्लुकोज आत जात राहायला हवं. मग पुस्तकात ओवाबेन नावाचं विष दिल्यावर ग्लुकोज शोषण थांबतं असं का लिहिलंय?" शिवाय जुलाबात साखरेसोबत मीठ का देतात, हेही याच धड्यात येतं. दोन्ही मिळून नीट समजावून सांगेल असं कोणी आहे का?

अभय_तिलकनगर
ताई, यात अवघड काही नाही. ओवाबेन एसजीएलटी-१ च्या तोंडावर जाऊन बसतं, म्हणून ग्लुकोज आत जात नाही. मी बी.एस्सी.ला असताना आम्हाला असंच सांगितलं होतं. सोडियम बाहेर जास्त, आत कमी, एवढा उतार मिळाला की ग्लुकोज सोबत ओढलं जातं. तिथे एटीपीचा काही संबंध नाही.

निवृत्त_शरीरक्रिया
अभय, उताराचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ओवाबेनची जागा चुकली. एसजीएलटी-१ वर बसतं ते फ्लोरिझिन, सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडणारं द्रव्य. ओवाबेन बसतं सोडियम-पोटॅशियम पंपावर, आणि तो पंप पेशीच्या दुसऱ्या बाजूला असतो. ताईंच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन बाजूंतच आहे.

आतड्याची शोषण करणारी पेशी डोळ्यासमोर आणा. तिची एक बाजू अन्नाकडे, म्हणजे आतड्याच्या पोकळीकडे असते. तिथे एसजीएलटी-१ असतं. दुसरी बाजू रक्ताकडे. तिथे पंप असतो आणि ग्लुकोजला रक्तात सोडणारं जीएलयूटी-२ असतं. पंप दर एटीपीमागे ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं, आणि पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण विद्युतभाराची राहते. एसजीएलटी-१ या दोन्हींचा फायदा घेतं. दर वेळी २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्र आत येतात.

म्हणजे एटीपी जळतो तो रक्ताकडच्या भिंतीवर. अन्नाकडच्या भिंतीवर त्याने आधीच करून ठेवलेल्या कामाचा फायदा मिळतो. हिशोब केला तर दर ग्लुकोजमागे साधारण दोन-तृतीयांश एटीपी पडतो, कारण आत आलेले २ सोडियम पंपाला बाहेर टाकावे लागतात आणि तो एका एटीपीत ३ टाकतो.

भंवरकुआं_जीवशास्त्र
सर, खूप छान सांगितलंत. पण मग पंप बंद केल्यावर ग्लुकोज लगेच थांबायला नको. आत-बाहेरचा फरक शिल्लक असेपर्यंत चालत राहायला हवं ना?

निवृत्त_शरीरक्रिया
अगदी. आणि तसंच होतं. गच्चीवरची टाकी घ्या. वीज गेली की मोटर बंद पडते, तरी नळाला पाणी येत राहतं, आणि टाकी रिकामी होत आली की धार बारीक होते. ओवाबेन दिल्यावर आधी पंप थांबतो. मग पेशीत सोडियम साचत जातं, आतला ऋणभारही कमी होत जातो, आणि ग्लुकोजचा वेग हळूहळू उतरतो. फ्लोरिझिनचा परिणाम मात्र ताबडतोब दिसतो, कारण तिथे दारच बंद होतं.

प्रयोगशाळेत हे वेगळं करून पाहता येतं. आतड्याच्या पडद्याचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवायचा आणि त्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजायचा. अन्नाकडच्या कप्प्यात ग्लुकोज घातलं की प्रवाह वाढतो, कारण प्रत्येक फेरीत २ धन भार आत येतात आणि ग्लुकोजवर भार नसतो. मग त्याच कप्प्यात फ्लोरिझिन घातलं की प्रवाह खाली येतो. ओवाबेन मात्र त्या बाजूला घालून फारसं काही होत नाही, ते रक्ताकडच्या कप्प्यात घालावं लागतं. कोणतं द्रव्य कुठल्या बाजूने चालतं, यावरूनच पंप कुठे आणि दार कुठे हे कळतं.

एक सावधगिरी. हा प्रयोग उंदरावर करून पाहिला तर ओवाबेनचा परिणाम फार कमी दिसतो. उंदराच्या पंपाचा जो मुख्य प्रकार आहे त्याला ओवाबेन नीट चिकटत नाही. बेडकाच्या किंवा सशाच्या आतड्यावर तो स्पष्ट दिसतो. मुलांना सांगा, नाहीतर कुणीतरी उंदरावरचा आलेख पाहून सगळी कल्पनाच खोटी ठरवेल.

सायली_नीट२
मॅडम, तो प्रश्न माझाच होता. 🙂 सर, मला अजून एक शंका आहे. दोनच सोडियम का? एक सोडियम पुरलं नसतं का? एका फेरीत एक सोडियम वापरलं असतं तर पंपाचं काम अर्धंच झालं असतं.

निवृत्त_शरीरक्रिया
सायली, हा प्रश्न खरोखर मोलाचा आहे. वही काढ, आपण मोजूया.

पेशीबाहेर सोडियम १४० मिलिमोल आणि आत १४ मिलिमोल धरू. म्हणजे फरक १० पट. आतला ऋणभार ६० मिलिव्होल्ट धरला, तर शरीराच्या तापमानाला एका धन भाराला त्याची मदत सुमारे ९.५ पट होते. एकच सोडियम असतं तर ग्लुकोज आतमध्ये जास्तीत जास्त १० गुणिले ९.५, म्हणजे ९५ पट साठवता आलं असतं. दोन सोडियम असले की दोन्ही गोष्टींचा वर्ग होतो. १०० गुणिले ९०, म्हणजे सुमारे ९,००० पट. सोडियम फक्त एकने वाढलं, पण पोच ९५ वरून ९,००० वर गेली.

आता आतड्यात ही पोच कशाला हवी ते पाहा. जेवणानंतर पोकळीत ग्लुकोज भरपूर असतं, तेव्हा फार ओढ लागत नाही. पण आपण जेवलेलं शेवटपर्यंत वेचायचं असतं. पोकळीत ग्लुकोज उरलंसुरलं असताना पेशीच्या आत ते पुष्कळ जास्त असू शकतं, तेव्हा चढावर ओढायची ताकद लागते. अर्थात, ९,००० ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात पेशीत इतकं साठत नाही, कारण जीएलयूटी-२ मधून ते सतत रक्तात निघून जात असतं.

पलासियाचे_काका
सर, माझं जरा ऐका. मला १२ वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. ते याच 'एसजीएलटी' ला बंद करतं असं पाकिटात लिहिलंय. म्हणजे माझ्या आतड्याने साखर घेणं बंद केलं का? मग मी आता सराफ्यात थोडी जिलबी खाल्ली तर चालेल?

निवृत्त_शरीरक्रिया
काका, नाही. तुमच्या गोळीचा मुख्य परिणाम एसजीएलटी-२ वर आहे, आणि ते मूत्रपिंडात असतं. आतड्यातलं एसजीएलटी-१ ती जवळजवळ तसंच सोडते. मूत्रपिंड गाळलेलं ग्लुकोज परत घेतं, ते गोळी काही अंशी थांबवते, म्हणून तुमच्या लघवीत साखर दिसते. जिलबी पूर्वीइतकीच आत जाईल. गोळीने त्यातली थोडी बाहेर पडेल इतकंच. जिलबीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत घ्या.

पण या गोळीवर असताना जुलाब-उलट्या झाल्या तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मूत्रातून आधीच पाणी जास्त जातं. तशा आजारात गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारा. आपल्या मनाने चालू ठेवूही नका, बंदही करू नका.

मेघना_बालरुग्ण
मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. ओआरएसचा मुद्दा मी घेते, कारण तिथे मी रोज हे पाहते.

गेल्या पावसाळ्यात एक आई आली होती. बाळ दोन वर्षांचं, तीन दिवस जुलाब. तिने ओआरएस दिलं होतं, पण चव आवडेना म्हणून २०० मिलिलिटरच्या पेल्यात तेवढ्याच पाण्याची छोटी पुडी विरघळवून त्यात दोन शीगभर चमचे साखर घातली होती. शेजारणीने सांगितलं, साखर शक्ती देते. बाळाचं शी कमी व्हायच्या ऐवजी पाण्यासारखं वाढलं. मी तिला रागवले नाही. तिने प्रेमानेच केलं होतं. पण का वाढलं, हे तिला शास्त्रीय भाषेत सांगणं मला जमेना. सर, हिशोब सांगाल का?

निवृत्त_शरीरक्रिया
मेघनाताई, तुम्ही फार चांगलं उदाहरण आणलंत. सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

आताचं प्रमाण ओआरएस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुचवलेलं, एका लिटरला असं असतं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. त्यात सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल होतात, दोन्ही सारखेच. सगळे कण मिळून २४५. रक्तातले कण साधारण २९० असतात, म्हणजे हे द्रावण रक्ताहून थोडं पातळ आहे. त्यामुळे पाणी पोकळीतून रक्ताकडे जाणं सोपं होतं.

आता त्या आईचा पेला. दोन शीगभर चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. २०० मिलिलिटरमध्ये ती लिटरला १४६ मिलिमोल होते. पण आपली साखर आतड्याच्या भिंतीवर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनते, म्हणजे प्रत्येक कणाचे दोन कण, २९२. मूळचे २४५ धरले तर बेरीज ५३७, रक्ताच्या जवळजवळ दुप्पट. एवढी साखर शोषायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत पाणी उलट दिशेने, रक्तातून पोकळीत ओढलं जातं. त्यातलं फ्रुक्टोज तर जीएलयूटी-५ नावाच्या वेगळ्या दारातून जातं, सोडियम सोबत घेतच नाही. म्हणजे निम्म्या साखरेने सोडियम ओढायला मदतच केली नाही, पाणी मात्र ओढून घेतलं.

टेट्रापॅकमधली गोड पेयं, कोल्ड्रिंक, घरचं गोडमिट्ट लिंबू सरबत, सगळ्यांची तीच गोष्ट. त्यांत साखर जास्त आणि मीठ नगण्य असतं.

अभय_तिलकनगर
धन्यवाद सर. पण मला एक पटत नाही. जुन्या ओआरएसमध्ये सोडियम ९० होतं ना? ते ७५ वर आणलं म्हणजे सोडियमचा उतारच कमी केला. मग ग्लुकोज कमीच ओढलं जाणार, आणि ओआरएस कमकुवत होणार. उलट जास्त मीठ घालायला हवं होतं.

सायली_नीट२
दादा, मी मोजलं. बाहेर ९० आणि आत १४ धरलं तर वर्ग ४१ येतो, त्याला ९० ने गुणलं की ३,७०० पट. बाहेर ७५ धरलं तर २९ गुणिले ९०, म्हणजे सुमारे २,६००. कमी झालं खरं, पण दोन्ही खूप आहेत. सर, बरोबर आहे का?

निवृत्त_शरीरक्रिया
सायली, अगदी बरोबर. शाबास. ओढीची ताकद कमी पडत नाहीये. आतड्याच्या वरच्या भागात पेशींच्या फटींमधूनही सोडियम रक्तातून पोकळीत येत असतं, म्हणून तिथे ते अगदी तुटवड्यात जात नाही. जुन्या द्रावणात सोडियम ९० आणि ग्लुकोज १११ होतं, एकूण कण ३११, म्हणजे रक्ताहून जास्त. अडचण तिथे होती. नव्या प्रमाणात मुलांच्या साध्या जुलाबात सलाईन लावण्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाली, म्हणून तो बदल झाला.

अभय, तुमच्या शंकेत एक तथ्य मात्र आहे. कॉलऱ्यात सोडियम फार जातं, आणि प्रौढ रुग्णांना ७५ चं द्रावण पुरेसं आहे का, रक्तातलं सोडियम उतरेल का, यावर डॉक्टरांमध्ये वाद झाला होता. सगळ्यांचं त्यावर एकमत आहे असं मी म्हणणार नाही.

भंवरकुआं_जीवशास्त्र
सर, कॉलऱ्यात आतडं इतकं पाणी सोडत असताना हे दार चालू कसं राहतं? हा प्रश्न मुलं नक्की विचारतील.

निवृत्त_शरीरक्रिया
कारण कॉलऱ्याचं विष वेगळ्या ठिकाणी बिघाड करतं. ते पेशीत सीएएमपी नावाचा निरोप पोचवणारा रेणू वाढवतं. त्याने क्लोराइडचे मार्ग उघडतात, आणि क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी पोकळीत वाहतं. सोडियम शोषणाचा एक नेहमीचा रस्ता, हायड्रोजनच्या बदल्यात सोडियम घेणारा, तोही मंदावतो. पण एसजीएलटी-१ ला त्याचा धक्का लागत नाही आणि रक्ताकडचा पंपही चालू असतो. म्हणून फक्त मीठ-पाणी दिलं तर वाहून जातं, आणि ग्लुकोज सोबत दिलं की तेच सोडियम आत जातं.

ही जोडी सर्वप्रथम रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर पिंपांमध्ये हे पाणी कालवून दिलं. तिथला मृत्युदर ३०% च्या आसपासवरून ४% च्या खाली आला. वर्गात सांगायचं असेल तर हे जरूर सांगा.

मेघना_बालरुग्ण
सर, पण आमच्याकडे काही बाळांना ओआरएसनेही फरक पडत नाही. नीट दिलेलं असतं, आई खोटं बोलत नाही, तरी जुलाब वाढतात.

निवृत्त_शरीरक्रिया
ताई, हे होतं. रोटाव्हायरससारख्या संसर्गात आतड्याच्या बोटांसारख्या उंचवट्यांचं टोक झडतं, आणि एसजीएलटी-१ असलेल्या परिपक्व पेशी तिथेच असतात. दारंच कमी झाली तर तेवढं ग्लुकोज शोषलं जात नाही आणि पोकळीत राहून पाणी ओढतं. बहुतेक बाळांना तरी ओआरएस पुरतं, पण काहींना नाही पुरत.

ओळखायचं कसं? द्रावण दिलं की शी वाढतं आणि थांबवलं की उतरतं, हे पहिलं चिन्ह. शी आंबट वासाचं, आम्लीय असतं, बाळाच्या ढुंगणाभोवती लाली येते. ताज्या पातळ शीची बेनेडिक्ट चाचणी केली तर साखर सापडते. पण घरची साखर दिली असेल आणि ती न तुटता बाहेर पडली, तर बेनेडिक्टला ती दिसत नाही. तेव्हा काय पाजलं हे आईला आधी विचारायचं.

फार क्वचित बाळ जन्मतः एसजीएलटी-१ च्या दोषासह येतं. जन्माच्या पहिल्या काही दिवसांतच, आईचं दूध सुरू होताच, पाण्यासारखे जुलाब लागतात. कारण दुधातली साखर तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते, आणि दोघांचं दार हेच. अशा बाळाला फ्रुक्टोजवरचं दूध देतात, तेव्हा जुलाब थांबतात, कारण फ्रुक्टोजचं दार शाबूत असतं. आईला आणि डॉक्टरांना हे लवकर सुचलं तर बाळ वाचतं.

अभय_तिलकनगर
सर, आत्तापर्यंत सगळं पटलं. पण सोडियम आत गेलं की पाणी कसं जातं? पाणी सोडियमला चिकटून जातं का?

निवृत्त_शरीरक्रिया
इथे माझ्याकडे एकच पक्कं उत्तर नाही. जुनं मत असं की सोडियम आणि ग्लुकोज पेशींमधल्या फटींत आणि रक्ताच्या बाजूला साठतात, तिथे कण वाढतात, आणि पाणी त्यामागे वाहतं. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी मांडलं की एसजीएलटी-१ च्या प्रत्येक फेरीत २६० च्या आसपास पाण्याचे रेणू थेट सोबत येतात. इतरांनी त्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की दारालगतच्या अगदी पातळ थरात साठलेल्या कणांनी पाणी ओढल्यासारखं दिसतं, प्रथिन स्वतः पाणी वाहून नेत नाही. मला दुसरी बाजू जास्त सयुक्तिक वाटते. ताई, वर्गात सांगताना पाण्याचं हे दोन्ही बाजूंनी सांगा.

सायली_नीट२
सर, काकांच्या गोळीवरून अजून एक विचारू? मूत्रपिंडातलं एसजीएलटी-२ फक्त एक सोडियम वापरतं असं वाचलं. म्हणजे ९५ पटच. तिथे ते कसं पुरतं?

निवृत्त_शरीरक्रिया
कारण मूत्रपिंडाच्या नलिकेच्या सुरुवातीला गाळलेल्या द्रवात ग्लुकोज रक्ताइतकंच, ५ मिलिमोलच्या आसपास असतं. तिथे चढ फारसा नसतो, त्यामुळे एका सोडियमचं स्वस्त दार भराभर बहुतेक ग्लुकोज परत घेतं. पुढे नलिकेत जे थोडं उरतं, ते घेण्यासाठी २ सोडियमचं एसजीएलटी-१ असतं. स्वस्त दार आधी आणि महाग दार नंतर. काकांची गोळी आधीचं दार बंद करते, आणि पुढचं दार उरलेल्यातलं बरंच वाचवून घेतं. म्हणून गोळी घेऊनही सगळी साखर लघवीत जात नाही.

पलासियाचे_काका
मला हे आज समजलं. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. जुलाब झाले तर गोळीचं काय करायचं ते विचारून इथे सांगतो.